दीड रुपया स्वस्त की दोन रुपये? बचत गटासाठी मोबाईलवर बनवलेल्या तीन मिनिटांच्या व्हिडिओची गोष्ट

मी लातूरला शिकायला असतो. मावशीचं गाव नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. तिला शिलाई मशीन घ्यायची होती आणि त्यासाठी दहा हजार रुपये कमी पडत होते. पैसे दोन ठिकाणी मिळत होते. एक तिचा स्वतःचा बचत गट, जिथे महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज. दुसरा एक खासगी फायनान्सचा माणूस, जो दारात येऊन शेकडा दीड रुपयानं देतो म्हणत होता.

"दीड कमी का दोन कमी? मी काय साळंत गेले नाही, पण येवढं तर मलाबी कळतंय," मावशी म्हणाली.

मी फोनवर समजावायला गेलो. फ्लॅट रेट, रिड्यूसिंग रेट, वार्षिक दर असं सगळं बोललो. दोन मिनिटांनी ती म्हणाली, "तुझं जेवण झालं का?" म्हणजे विषय संपला. तेव्हा ठरवलं की हे बोलून होणार नाही, दाखवावं लागेल. तो व्हिडिओ कसा बनवला, पहिल्यांदा कुठे फसला आणि त्यातलं गणित नेमकं काय आहे, ते इथे लिहितोय. तुमच्या घरात आई, काकू, आत्या कुणीतरी गटात असणारच. लातूर-नांदेडकडे गट काही नवीन नाहीत. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर इकडच्या गावांत बायकांचे बचत गट उभे राहिले, आणि २०११ पासून 'उमेद' अभियानाचे गट वाढत गेले. हिशोबाची सवय या बायकांना आपल्यापेक्षा जास्त आहे. फक्त टक्केवारीची भाषा त्यांची नाही.

आधी गणित समजून घेऊ

दोन्हीकडे कर्ज १०,००० रुपये, मुदत दहा महिने, आणि दर महिन्याला मुद्दलातले १,००० रुपये परत करायचे. इथपर्यंत दोन्ही सारखंच. फरक एका प्रश्नात आहे: व्याज कशावर लावतात?

गटात व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं. पहिल्या महिन्यात १०,००० वर २०० रुपये. हजार परत केले की पुढच्या महिन्यात ९,००० वर १८०. मग १६०, १४०, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात उरलेल्या १,००० वर फक्त २० रुपये. दहा महिन्यांची बेरीज होते १,१०० रुपये.

फायनान्सवाल्याचं व्याज सपाट, म्हणजे फ्लॅट. तुम्ही कितीही परत केलेलं असो, तो दर महिन्याला मूळ १०,००० वरच दीड टक्का धरतो. महिन्याला १५० रुपये, दहा महिन्यांत १,५००. म्हणजे ऐकायला कमी असलेला दर ४०० रुपयांनी महाग पडला.

शेवटचा महिना बघा. मावशीकडे त्याचे फक्त हजार रुपये उरलेत, आणि त्यावर तो १५० रुपये व्याज घेतोय. त्या महिन्यापुरता हा शेकडा पंधराचा दर झाला! मला वाटलं, व्हिडिओत हे एकच चित्र नीट दिसलं तरी काम होईल.

पहिला व्हिडिओ: दिसायला भारी, उपयोगाला शून्य

पहिला व्हिडिओ मी लातूरला खोलीवर बसून बनवला. ॲपमधलं तयार टेम्प्लेट घेतलं, त्यात रंगीत गोल तक्ता, वर-खाली होणारे खांब आणि मागे संगीत. मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिनं गटाच्या बैठकीत सगळ्यांना दाखवला. नंतर विचारलं तर म्हणाली, "छान हाय. गाणं चांगलं लावलंस."

गोल तक्ता वाचणं ही शिकावी लागणारी गोष्ट आहे, हे आपण विसरतो. आपण शाळेत शिकलो, म्हणून आपल्याला तो चित्र वाटतो. ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी ती फक्त रंगीत भाकरी आहे. खांबांचंही तेच. उंच खांब म्हणजे जास्त पैसे, हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून सुट्टीत लोह्याला गेलो तेव्हा घरातल्याच वस्तू घेतल्या. दिवाळीच्या उरलेल्या दहा मातीच्या पणत्या. एक पणती भरून ज्वारी म्हणजे हजार रुपये मुद्दल. एक हरभरा म्हणजे दहा रुपये व्याज. आधी खऱ्या नोटा ठेवून बघितल्या होत्या, पण शेजारच्या काकूंचं सगळं लक्ष "येवढे पैसे कुणाचे?" याकडेच गेलं. पणत्यांच्या आधी स्टीलच्या वाट्याही वापरून पाहिल्या. त्या चमकतात आणि कॅमेऱ्याचा उजेड सारखा कमी-जास्त होतो.

खाली काळी घोंगडी अंथरली. काळ्यावर ज्वारी आणि हरभरा दोन्ही स्वच्छ दिसतात.

शूटिंग

कॅमेरा वरून खाली बघणारा हवा, कारण बायका धान्य निवडताना असंच वरून बघतात. माझ्याकडे ट्रायपॉड नव्हता. दोन्ही बाजूंना पिठाचे डबे एकावर एक ठेवले, वर आडवी फळी टाकली. फोन फळीच्या मधोमध असा ठेवला की कॅमेरा तेवढा कडेच्या बाहेर येईल, आणि फोन सरकू नये म्हणून त्याच्या मागच्या टोकावर अर्ध्या किलोचं वजन ठेवलं. जमिनीपासून साधारण दोन फूट उंची पुरली.

ओसरीत सकाळी नऊच्या आत शूट केलं. ऊन थेट पडत नाही पण उजेड भरपूर असतो. एक गोष्ट नक्की करा: रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी स्क्रीनवर पणत्यांच्या जागी बोट दाबून धरा, म्हणजे बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतो. नाहीतर प्रत्येक वेळी हात आत आला की चित्र पांढरं-काळं होत राहतं. माझा पहिला अर्धा तास यातच वाया गेला.

आवाजासाठी दुसरा फोन बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ, ओढणीत गुंडाळून ठेवला. पत्र्याचं घर आहे, वर पंखा, बाहेर कोंबड्या. वरच्या फोननं घेतलेला आवाज ऐकण्यासारखा नव्हता. दोन्ही रेकॉर्डिंग जुळवायला सुरुवातीला एक टाळी वाजवायची, आणि एडिट करताना टाळीचा आवाज आणि टाळीचं चित्र एका जागी आणायचं.

बोलायला मी बसलो नाही. गटाची सचिव ताई बोलली, कारण दर आठवड्याला वहीतला हिशोब तीच वाचून दाखवते. स्क्रिप्ट दिली नाही. फक्त सांगितलं की पणती उचलताना "हजार फेडले" म्हणायचं आणि हरभरे ठेवताना आकडा मोठ्यानं मोजायचा.

दृश्य असं होतं. घोंगडीच्या डाव्या बाजूला गटाचं कर्ज, उजव्या बाजूला फायनान्सवाल्याचं. डावीकडे दहा पणत्या. महिना संपला की प्रत्येक पणतीमागे दोन हरभरे, म्हणून पहिल्या महिन्यात वीस. मग एक पणती उचलली. नऊ राहिल्या, आता अठराच हरभरे. पुन्हा एक उचलली, सोळा. उजवीकडेही दर महिन्याला एक पणती जाते, पण हरभरे प्रत्येक वेळी पंधराच. पणत्या नऊ असोत की एक.

इथे माझी मोठी चूक झाली

सगळं शूट सहा मिनिटांचं झालं. एवढा लांब कोण बघणार, म्हणून मी पाचव्या महिन्यापर्यंत ठेवलं आणि पुढे "असंच दहा महिने" अशी पाटी लावून संपवलं.

बैठकीत दाखवला. संपल्यावर सचिव ताईनं विचारलं, "मग कुणाचं स्वस्त?" बहुतेक जणी म्हणाल्या, "फायनान्सवाल्याचंच."

मी चक्रावलो. मग हरभरे मोजले तर त्या बरोबर होत्या. पाचव्या महिन्याअखेर गटाकडे व्याज गेलं ८०० रुपये आणि त्याच्याकडे ७५०. सुरुवातीला गटाचंच व्याज जास्त असतं. सहाव्या महिन्याला दोन्हीकडे बरोबर ९०० होतात, आणि सातव्यापासून फायनान्सवाला पुढे जातो. मी नेमकं जिथे गोष्ट उलटते त्याच्या आधीच व्हिडिओ कापला होता. माझ्या डोक्यात उत्तर आधीच होतं, म्हणून मला ते दिसलं नाही.

आणि गटाचं कर्ज महाग का वाटतं, हेही तेव्हा कळलं. पहिला हप्ता गटात १,२०० रुपये, तिकडे १,१५०. पहिले तीन हप्ते गटाचेच मोठे. चौथ्यापासून ते १,१५० च्या खाली येतात आणि शेवटचा १,०२० चा असतो. हप्ता ठरवताना माणूस पहिल्या हप्त्याकडेच बघतो.

दुसरी चूक हरभऱ्यांच्या ढिगाची. एकशे दहा हरभऱ्यांचा ढीग आणि दीडशेचा ढीग शेजारी ठेवले तर फारसा फरक दिसत नाही, खरंच करून बघा. म्हणून पुन्हा शूट करताना ढीग केला नाही. दहा-दहा हरभऱ्यांच्या ओळी मांडल्या, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या. डावीकडे अकरा ओळी, उजवीकडे पंधरा. आता मोजायचीही गरज नाही, उजवीकडच्या चार ओळी सरळ खाली लोंबताना दिसतात. एक ओळ म्हणजे शंभर रुपये.

दहाही महिने ठेवले, पण मधले महिने वेगानं पळवले. पहिला, दुसरा, सहावा आणि दहावा एवढेच महिने साध्या वेगात. सहाव्या महिन्याला चित्र थांबवलं, कारण तिथे दोन्हीकडे नऊ-नऊ ओळी होतात. दहाव्याला पुन्हा थांबवलं: दोन्हीकडे एकेक पणती, एकीसमोर दोन हरभरे, दुसरीसमोर पंधरा. व्हिडिओ तीन मिनिटांचा झाला. स्क्रीनवर लिखाण फक्त रकमेचं, मोठ्या मराठी अंकांत, कारण गटाची वही मराठी अंकांत आहे.

फाईलचं म्हणाल तर फोनवर फुल एचडीत शूट केलं की एका मिनिटाला शंभर एमबीच्या पुढे जातं. ७२० पिक्सेलला एक्स्पोर्ट केलं तर सगळा व्हिडिओ चाळीस-पन्नास एमबीत बसतो. एका फोनभोवती बारा जणी बसून बघणार असतील तर तेवढं पुरतं.

दाखवायची पद्धत

डिजिटल ग्रीन नावाची संस्था आहे. २००६ मध्ये बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून तिचं काम सुरू झालं. गावातल्याच लोकांना घेऊन शेतीचे व्हिडिओ बनवायचे आणि छोट्या प्रोजेक्टरवर गटांना दाखवायचे, असं ते काम. त्यातली मला सर्वात उपयोगी वाटलेली गोष्ट तांत्रिक नाहीच: व्हिडिओ सलग दाखवत नाहीत. गावातलीच एक व्यक्ती तो मधे थांबवते आणि प्रश्न विचारते.

आम्हीही तेच केलं. सहाव्या महिन्याला थांबवून सचिव ताईनं विचारलं, "आता पुढच्या महिन्यात कुणाचे हरभरे जास्त पडतील?" बायकांनी पणत्या मोजल्या. चार उरल्या होत्या, म्हणजे डावीकडे आठ. उजवीकडे पंधरा. ते त्यांनी सांगितलं, व्हिडिओनं नाही.

समजलं की नाही हे बघायला "कळलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. वेगळा आकडा द्या. आम्ही विचारलं: पाच हजार, पाच महिने, दर तेच. दोन-तीन जणींनी जमिनीवर खडे मांडून ३०० आणि ३७५ काढलं. मग एका काकूंनी असा प्रश्न टाकला की मी गप्पच झालो: "आणि दोनच महिन्यासाठी दोन हजार घेतले तर?" मांडून बघितलं. गटात ४० आणि २०, म्हणजे ६० रुपये. तिकडे ३० आणि ३०, पुन्हा ६०. सारखेच! एकाच महिन्यासाठी घेतलं तर फायनान्सवालाच स्वस्त. म्हणजे मुदत जितकी लांब तितकं सपाट व्याज महाग, हा नियम काकूंनी दोन पणत्यांत काढला. नंतर अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या गटाला व्हिडिओ दाखवला, तेव्हा काकूंचा प्रश्न मी सोबतच नेला.

आपल्यासाठी: मोबाईलवर खरा दर कसा काढायचा

गटाला टक्के नकोत, पण तुम्हाला हिशोब तपासायचा असेल तर गुगल शीट्स उघडा आणि एका चौकटीत हे टाका:

```
=RATE(10,-1150,10000)
```

१० म्हणजे हप्ते, ११५० म्हणजे दर महिन्याचा हप्ता (तो खिशातून जातो म्हणून वजा चिन्ह), आणि १०००० म्हणजे हातात आलेली रक्कम. उत्तर येतं महिन्याला सुमारे २.६ टक्के. हा त्या 'दीड रुपयाचा' गटाच्या पद्धतीनं काढलेला दर. चौकटीत नुसतं 3% दिसलं तर घाबरू नका, दशांश स्थळं वाढवा.

आता खरी गंमत. तो माणूस फाईल चार्ज आणि विमा म्हणून आधीच ३०० रुपये कापून घेणार होता. म्हणजे मावशीच्या हातात ९,७००, पण हप्ते १०,००० च्या हिशोबानं. शेवटचा आकडा बदला:

```
=RATE(10,-1150,9700)
```

आता दर महिन्याला साधारण ३.२ टक्के. व्हिडिओत हे दाखवणं सोपं होतं. सुरुवातीलाच एका पणतीतली थोडी ज्वारी चिमटीनं काढून बाजूला ठेवली, आणि व्याज मात्र दहा भरलेल्या पणत्यांचं मोजलं. कापलेले पैसे हा विषय बायकांना लगेच कळला, कारण तो अनुभव जवळजवळ प्रत्येकीला होता.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येणाऱ्या संस्थेकडून कर्ज घेत असाल तर हे गणित तुम्हाला करावंच लागू नये. १ एप्रिल २०२२ पासूनच्या सूक्ष्म कर्जाच्या नियमांत कर्जाची सगळी माहिती एका कागदावर, कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागते. त्यात वार्षिक दर आणि सगळे चार्जेस येतात. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं हे विनातारण कर्ज मुदतीआधी फेडलं तर त्यावर दंड लावता येत नाही. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून कर्ज संपवणाऱ्या घरांना हे माहीत असलेलं बरं. मावशीकडे आलेल्या माणसानं असा कोणताही कागद दिला नव्हता. मागितल्यावर "पुढच्या वेळी आणतो" म्हणाला.

जे व्हिडिओत बसलं नाही

गटाला दिलेले ११०० रुपये कुठे जातात? गटाच्याच पेटीत, म्हणजे मावशीच्या वाट्यालाही त्यातलं काही येतंच. हे मला व्हिडिओत घालायचं होतं. तिसरी थाळी ठेवून हरभरे परत बारा जणींत वाटायचे, असं ठरवलंही होतं. पण त्यात पहिली गोष्ट विस्कटत होती. तीन मिनिटांत एकच प्रश्न बरा, म्हणून तो दुसऱ्या व्हिडिओसाठी ठेवला.

आणि गटाची एक अडचण कुठल्याही पणतीनं सुटत नाही. बारा बायका, आठवड्याला पंचवीस रुपये, म्हणजे महिन्याला १,२०० जमा. मावशीचा गट वर्षभराचाच होता, आणि जमा झालेल्यातले निम्मे आधीच दोघींकडे कर्जाऊ गेले होते. ती मागायला गेली तेव्हा पेटीत सात हजारच होते. तिनं सात हजार घेतले आणि नवीन मशीनऐवजी नांदेडहून जुनी, पायाची मशीन आणली. हप्ता पहिल्या महिन्यात ७०० अधिक १४०. वही मी बघितली, सचिव ताईनं समोर १४ लिहून त्याला गोल केलाय. हरभरे मोजले असावेत.